वहीत नसलेली जाऊ

माझ्या वहीत आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते चुकीमुळे झालं नाही. वही इतकी चोख होती की तिनं मलाच उघडं पाडलं.

लग्नाआधी मी दोन वर्षं एका पतसंस्थेत कामाला होते. बी.कॉम. झालेली, अक्षर बरं, आणि कुणाचा हिशेब दहा रुपयांनी चुकला तरी जेवण न जाणारी. लग्न होऊन हिंगोलीला आले तेव्हा माझ्या हाती दुधाचा आणि गॅसचा हिशेब तेवढा उरला. आमचे हे हळदीच्या अडतीवर मुनीम. म्हणजे घरात दोन मुनीम आणि जमा-खर्चाला काहीच नाही, अशी आमची स्थिती. आमचा मुलगा सातवीत असताना धाकट्या दिरांचा वारंग्याच्या पुढे रस्त्यावर अपघात झाला आणि ते गेले. मागे माझी धाकटी जाऊ आणि तिची चार वर्षांची पोरगी राहिली.

जाऊ सेनगावकडची. दहावी झालेली, बोलायला फटकळ, हाताला विलक्षण चव. दीर गेल्यावर वर्षभर ती स्वयंपाकघराच्या बाहेर आली नाही. बोलायची ती फक्त चुलीशी आणि भांड्यांशी. एकदा करडईची भाजी निवडताना ती त्या भाजीला अशी काही झापत होती, की मी हळूच मोबाईल धरला. "काट्याची जात तुझी, आन नखरे किती करून राहिली बग!" असं काहीतरी. मी ते तिला न विचारता नेटवर टाकलं. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे पोचलं. मी तिला दाखवलं तेव्हा ती आधी चिडली, मग पदर तोंडाला लावून हसली. दीर गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा व्हिडिओ काढले.

पुढचं सगळं आपसूक झालं. ती रांधायची आणि बोलायची, मी शूट करायची, कापायची, खाली मजकूर लिहायची. सहा-आठ महिन्यांत कामं यायला लागली. आधी इथल्याच एका साडीच्या दुकानाचं तीन हजारांचं, मग एका तेलाच्या घाण्याचं. मग पुण्याच्या एका एजन्सीचा मेल आला. मसाले, कुकर, पीठ, असल्या कंपन्यांची कामं ती एजन्सी वाटायची. त्यांनी विचारलं, पॅन कुणाचं देता, खातं कुणाचं?

जावेचं पॅन नव्हतं. माझं पतसंस्थेपासून होतं. मी माझं दिलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही.

आता माझ्या वहीविषयी. दोनशे पानी लांब रजिस्टर, त्यात पट्टीनं आखलेले आठ रकाने. बिल नंबर, बिलाची तारीख, कंपनी, काम कोणतं, बिलाची रक्कम, कापलेला कर, हाती आलेली रक्कम, खात्यात जमा झाल्याची तारीख. बिलं मी स्वतः बनवायची आणि प्रत्येकाची एक प्रत काढून फाईलला लावायची. बिलावर माझं नाव, पत्ता, पॅन, खात्याचा नंबर, कामाचं वर्णन, बाकी काही नाही. जीएसटी लागण्याइतकी आमची उलाढालच नव्हती, त्यामुळे तो रकाना नाही. इथले दुकानदार पूर्ण पैसे द्यायचे. एजन्सी दहा टक्के कर कापून उरलेले पाठवायची. वहीच्या मागच्या बाजूला खर्च होता, मोबाईलचं स्टँड, दिवा, माईक, इंटरनेट, शूटसाठी आणलेला किराणा, सगळ्यांच्या पावत्यांसह. कंपनीनं फुकट पाठवलेल्या कुकरचीसुद्धा किंमत मी उत्पन्नात लिहायची. वस्तू मिळाली तरी ती कमाईच, हे मला वाचून कळलं होतं. दर तीन महिन्यांनी मी कर खात्याच्या साईटवर जाऊन बघायची, एजन्सीनं कापलेला कर माझ्या नावावर दिसतो का. एका तिमाहीत तो दिसेना. मी एजन्सीला तीन फोन केले, तेव्हा तिथल्या मुलीनं पॅनचा एक आकडा चुकीचा भरल्याचं कबूल केलं आणि दुरुस्त करून दिला. बसस्टँडच्या मागे बसणारे आमचे कर सल्लागार माझी वही बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवायचे. "असं ठेवा म्हणलं की लोक हसतात मला," असं म्हणायचे. मला त्याचा भारी अभिमान होता.

आणि जावेचे पैसे? ते मी खात्यात जमा झाले की दुसऱ्या दिवशी एटीएममधून काढून तिच्या हातात द्यायची. जेवढे जमा झाले त्याचे बरोबर निम्मे. चार हजार, साडेचार हजार, कधी दोनच. ती न मोजता डब्यात टाकायची. ते मी कुठेच लिहिलं नाही. आमच्याकडे घरात देवघेव लिहिली की माणसं म्हणतात, आता चूल वेगळी होणार. सासूबाईंच्या वेळेपासून तसंच. बाहेरच्याचं लिहायचं, घरातल्याला हातात द्यायचं. मला त्यात प्रेम दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार.

पहिल्या वर्षीचं विवरणपत्र भरताना सल्लागार म्हणाले, "ताई, अर्धं काम जाऊबाई करतात ना? मग त्यांचं पॅन काढून घ्या. त्यांना तुमच्या नावानं महिन्याला एक बिल द्यायला सांगा, आन पैसे बँकेतून द्या. तुमचा खर्च दिसंल, त्यांची कमाई दिसंल."

मी म्हटलं, "हो, काढू."

काढलं नाही. कंटाळा हे एक कारण. दुसरं कारण मी बराच काळ स्वतःलाही सांगितलं नाही. विवरणपत्रावर माझ्या नावापुढे जो आकडा यायचा तो मला आवडायचा. मुनिमाच्या बायकोच्या नावावर चार लाखांवर उत्पन्न. दुसऱ्या वर्षी त्याच कागदांवर मला स्कूटीचं कर्ज दोन दिवसांत मिळालं. बँकेतल्या माणसानं मला मॅडम म्हटलं. निम्मं उत्पन्न तिकडे गेलं असतं तर आकडा निम्मा झाला असता, एवढं गणित मला येत होतं.

आणि आता तिसरी गोष्ट, जी लिहायला हात धजत नाही. एजन्सीनं कापलेला कर. माझं सगळं उत्पन्न मिळूनही कर शून्यच बसत होता, त्यामुळे कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत यायचे. पहिल्या वर्षी अकरा हजार आले. मी ते वहीत लाल शाईनं लिहिलं, "परतावा जमा". पण निम्मे वाटायची सवय होती ती एजन्सीचे पैसे जमा झाले की. हे पैसे सरकारकडून आलेले, सहा महिन्यांनी, एकदम. ते तिच्या वाट्याचे आहेत असं पहिल्या वर्षी मला खरंच सुचलं नाही. त्यातून फ्रिज आला. दुसऱ्या वर्षी चोवीस हजार आले. तेव्हा सुचलं. मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि मग कानातले केले. स्वतःला म्हटलं, कागदाची सगळी कटकट मी करते, हा त्याचा मेहनताना.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, बत्तीस हजार परत आले. त्याच महिन्यात जावेनं मला एक कागद आणून दाखवला. रिसाला बाजारच्या पलीकडे दोन खोल्या आणि पुढे एवढंसं अंगण. पन्नास हजार इसार देऊन ती मोकळी झाली होती. दोन महिन्यांत बाकीचे द्यायचे होते. डब्यातले होते त्यातले काही, माहेरचं थोडं सोनं मोडायचं, आणि उरलेलं बँकेचं कर्ज.

"अक्का, राग नका मानू," ती म्हणाली. "तुमी मला कवाच तकलीफ दिली न्हाई. पर पोरगी मोठी होऊन राहिली. तिला आपलं घर म्हणून एक दार पायजे."

मला राग आला नाही. वाईट वाटलं, पण समजलंही. दिरांच्या मागे ती आमच्या घरात कितीही हक्कानं राहिली तरी रात्री कडी कुणी लावायची हे ती ठरवत नव्हती. मी म्हटलं, चल, मी येते बँकेत.

बँकेतला अधिकारी तरुण होता, चांगला होता. त्यानं आमचा व्हिडिओ पाहिलेला. करडईची भाजी त्याच्या आईला फार आवडली म्हणाला. मग त्यानं जावेचं पासबुक पाहिलं. त्यात विधवा पेन्शनचे पैसे आणि एक गॅसची सबसिडी, एवढंच.

"तुमची आवक कुठं दाखवलीय?" त्यानं विचारलं. "तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात."

जावेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते माझ्या नावावर भरलंय. पण निम्मं काम हिचं आहे."

"मग कर्ज तुमच्या नावावर काढा."

माझ्या नावावर काढायचं म्हणजे घरही माझ्या नावावर, हे जावेला माझ्या आधी कळलं. ती उठली. मी त्याला विचारलं, एकीच्या नावावर घर आणि दुसरी सहकर्जदार, असं होतं का? तो म्हणाला, होतं, पण तुमच्या मिस्टरांचीही सही लागेल, आणि ज्याच्या नावावर घर त्याची आवक आम्ही आधी बघतो. ह्यांना विचारलं. हे गप्प बसले. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज आम्हालाच काढायचं होतं पुढच्या वर्षी. गप्प बसणं म्हणजे काय हे मला कळत होतं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्या रविवारी जाऊ माझ्या खोलीत आली. म्हणाली, "अक्का, ती वही द्या बरं. कुटं तरी लिवलं आसंल ना, मला किती दिले ते. तेच दाखवू."

मी वही दिली. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. ती खाली सतरंजीवर बसली आणि एक-एक पान उलटू लागली. बोट ठेवून वाचत होती. प्रत्येक काम तिला आठवत होतं. "ह्यो कुकर. ह्या दिशी मला ताप व्हता." "ह्या तेलवाल्यानं मला चार बार लाडू वळाया लावले." पानामागून पान. सगळी कामं तिची, तिच्या हातांची, तिच्या तोंडची. आणि तिचं नाव कुठेही नाही. मागच्या बाजूला खर्च. त्यात माईक होता, दिवा होता, स्टँड होतं, शेंगदाणे होते.

"यात मी कुठं हाय, अक्का?"

मी म्हटलं, "अगं, घरातलं कशाला लिहायचं म्हणून..."

"शेंगदाणे लिवले की."

तिनं परत पुढचं पान उलटलं. लाल शाई तिला दिसली. ती तशीही सगळ्यांना दिसते, मी दिसावी म्हणूनच वापरते.

"परतावा म्हंजे काय?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. पण वही समोर होती, तारीख होती, रक्कम होती, बँकेतली नोंद होती. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. दहावी झालेली होती, आणि डोकं माझ्याहून तल्लख.

"म्हंजे कापले ते दोघींचे. परत आले ते तुमचे."

"पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं नाही गं."

"आन दुसऱ्या?"

दुसऱ्या वर्षीचे माझ्या कानात होते. मी केस पुढे घेतले, हे मला अजून आठवतं आणि अजून शरम वाटते.

ती रडली नाही. भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते आणि कदाचित सगळं निभावलं असतं. तिनं वही बंद केली, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "तुमाला येवढं समद्याचं लिवता येतं. माझंच काहून न्हाई लिवलं?" मग ती उठून पोरीची वेणी घालायला गेली.

मी दुसऱ्या दिवशी सल्लागारांकडे धावले. म्हटलं, काहीही करा, तीन वर्षांच्या पावत्या बनवा, मी सह्या करते, तीही करेल. ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले.

"मागच्या तारखा घालून? तुमी? न्हाई ताई, ते खोटे कागद होतात. तुमीबी अडकाल, त्याबी अडकतील."

मग त्यांनी नीट समजावलं. पहिली दोन वर्षं बंद झाली. उशिराचं अद्ययावत विवरणपत्र भरायची सोय आहे, पण ती जास्तीचा कर भरायचा असेल तर. जावेच्या वाट्यावर कर बसतच नाही, म्हणून तिला ती सोय नाही. आणि माझं उत्पन्न कमी दाखवायलाही ती वापरता येत नाही. उघडं होतं ते फक्त शेवटचं वर्ष. डिसेंबरअखेरपर्यंत माझं विवरणपत्र दुरुस्त करून तिला दिलेले पैसे खर्चात दाखवता येतील, आणि तिचं स्वतःचं भरता येईल. पैसे रोखीनं दिले, पण एका वेळी दहा हजारांच्या आतच दिले, तेवढं बरं; त्याहून जास्त रोख दिली तर खर्च धरत नाहीत. एटीएममधून काढल्याच्या नोंदी आहेत. आजची तारीख घालून दोघींनी खरं ते लिहून द्यायचं.

"बँकेला एक वर्ष चालेल का?" मी विचारलं.

"विचारून बघा." त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं.

चाललं नाही. त्या तरुण अधिकाऱ्यानं वरच्याला विचारलं, मग आमच्यासमोर फोन करून आणखी एकाला विचारलं. त्याला खरंच वाईट वाटलं. दोन महिने संपले. खोल्यांच्या मालकानं दुसरं गिऱ्हाईक बघितलं. इसारातले निम्मे त्यानं परत दिले, तेही आमच्या ह्यांनी चार माणसं नेली म्हणून. त्या अंगणात आता कुणाचा तरी टेम्पो उभा असतो. मी तिकडून जाणं टाळते.

तिन्ही परताव्यांचे मिळून सदुसष्ट हजार. त्यातले साडेतेहतीस मी जावेच्या खात्यात टाकले, कानातले मोडून. मला वाटत होतं ती म्हणेल, राहू द्या अक्का. तिनं तसं म्हणावं आणि मी आग्रह करावा, हे मी मनात दोनदा घोळवलं होतं. तिनं मोबाईल बघितला, रक्कम बघितली आणि "आले" एवढंच म्हणाली. ते तिचेच होते. मला मोठेपणा मिळायचं काही कारण नव्हतं.

नोव्हेंबरात ती पोरीला घेऊन सेनगावला भावाकडे गेली. शाळेचा दाखला काढायला मीच तिच्याबरोबर गेले होते. जीपमध्ये सामान चढवलं. पोरगी मला हात करत होती, जावेनं खिडकीतून तोंड आत घेतलं. एजन्सीचे मेल येत राहिले. मी लिहिलं, सध्या काम बंद आहे. घरात करडईची भाजी मी आणत नाही.

डिसेंबरात शेवटच्या आठवड्यात सल्लागारांनी आम्हा दोघींना बोलावलं. ती सकाळच्या बसनं आली, नवं पॅन कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून. मी तिला चहा विचारला. पिऊन आले म्हणाली. सल्लागारांनी माझं दुरुस्त विवरणपत्र भरलं, मग तिचं. दोन लाख एकोणसाठ हजार. स्क्रीनवर स्वतःचं नाव आणि पुढे तो आकडा ती बराच वेळ बघत होती. सल्लागार म्हणाले, "आता दरवर्षी भरत जा. अजून दोन वर्षं झाली की बँक बोलेल तुमच्याशी." तिनं मान हलवली. तिनं तिकडे एकटीनं व्हिडिओ सुरू केले होते, मला ते भलत्याच कुणाकडून कळलं होतं. खाली मजकूर तीच लिहीत होती. चुका होत्या, आणि लोक ते आवडीनं बघत होते.

मग त्यांनी ते लिहून द्यायचं पत्र टाईप करायला घेतलं. अमुक वर्षात, अमुक कामांसाठी, मी हिला रोखीनं एवढी रक्कम दिली, आणि मला ती मिळाली. ते मोठ्यानं वाचत टाईप करत होते. मध्येच त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"तुमचं दोघींचं नातं काय लिहू?"

मी तोंड उघडलं होतं.

"नातं नका लिवू," जाऊ म्हणाली. "कामाचे पैसे, येवढंच लिवा."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी तसंच टाईप केलं, कागद बाहेर आला, आणि खाली आधी तिनं सही केली, मग मी.